‘अपेक्षा’च्या रकान्यात न मावणाऱ्या तीन गोष्टी

वधू-वर परिचय पुस्तिका चाळताना एक गोष्ट हमखास दिसते. जन्मतारीख, वेळ, उंची, शिक्षण, नोकरी, मामाचं आडनाव हे सगळे रकाने नीट भरलेले असतात. शेवटच्या ‘अपेक्षा’ या रकान्यात मात्र एकच शब्द असतो, ‘अनुरूप’. फार तर ‘सुशिक्षित, निर्व्यसनी, समजूतदार’. असमजूतदार जोडीदार हवा असं कुणीच लिहिणार नाही, तेव्हा त्या ओळीतून काही कळत नाही.

खरे प्रश्न वेगळेच असतात, आणि ते बहुतेक तीनच असतात. लग्नानंतर घरात कोण कोण राहणार? मूल हवं आहे का, आणि साधारण कधी? कुणा एकाची नोकरी दुसऱ्या शहरात गेली तर काय करायचं? हे तीन प्रश्न मुलामुलींच्या मनात पहिल्या भेटीपासून असतात. पण विचारलं तर ‘फार अटी घालते’ किंवा ‘आत्तापासूनच हिशेब मांडतो’ असं समोरचं घर म्हणेल, या भीतीने ते विचारले जात नाहीत. मग साखरपुड्यानंतर, कधी लग्नानंतर, ते भांडणाच्या सुरात बाहेर येतात.

आपल्यासारख्या घरांत हा पेच थोडा जास्तच असतो. घर इंदूरला किंवा वडोदऱ्याला, मुलगा-मुलगी नोकरीला पुण्यात, बंगळुरूत किंवा हैदराबादेत, आणि स्थळ आलेलं असतं बेळगावचं किंवा ग्वाल्हेरचं. एका लग्नात सहज तीन-चार शहरं गुंतलेली असतात. त्यामुळे ‘राहणार कुठे’ या प्रश्नाला सरळ उत्तर नसतं, आणि म्हणूनच तो लवकर बोलावा लागतो. प्रश्न आहे तो कसा बोलायचा याचा.

अट कानाला कुठून ऐकू येते

आपल्या भाषेत एका अक्षराने सूर बदलतो. ‘मला नोकरी करायची आहे’ आणि ‘मला नोकरी करायचीच आहे’ ही दोन वाक्यं बोलून पाहा. पहिल्यात एक माहिती आहे. दुसऱ्यातला ‘च’ ऐकणाऱ्याला असं सुचवतो की त्याने आधीच नकार दिलेला आहे आणि आता त्याच्याशी वाद सुरू झाला आहे. बिचाऱ्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं. ‘पाहिजे’, ‘लागेल’, ‘चालणार नाही’, ‘आधीच सांगून ठेवते’ हे शब्दही असेच आहेत. चुकीचे नाहीत, पण पहिल्या भेटीत ते निकालासारखे ऐकू येतात.

दुसरं कारण म्हणजे मोठे, मोघम शब्द. ‘एकत्र कुटुंब चालेल का?’ या प्रश्नात ‘एकत्र कुटुंब’ म्हणजे नेमकं काय, ते कुणालाच माहीत नसतं. सासू-सासरे आणि आपण दोघं, की दीर-जाऊ आणि त्यांची मुलंही? कायमचं, की दिवाळी आणि गणपतीपुरतं? प्रत्येक जण आपल्या घरी पाहिलेलं चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि त्याला हो किंवा नाही म्हणतो. ‘ॲडजस्ट करशील ना?’ हा तसाच प्रश्न. त्याला ‘हो’ म्हणणाऱ्याला आपण कशाला हो म्हटलं ते सहा महिन्यांनी कळतं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. आपण दुसऱ्याने काय करावं तेवढंच सांगतो, आपण काय करणार ते सांगत नाही. यावर साधा उपाय आहे. बोलताना तीन गोष्टी या क्रमाने सांगायच्या: आधी आपली परिस्थिती, मग आपली तयारी, आणि शेवटी प्रश्न. ‘माझं ऑफिस सुटून घरी यायला आठ वाजतात. सकाळचा स्वयंपाक मी करू शकते, रात्रीचा रोज जमणार नाही. तुमच्याकडे रात्रीचं कसं असतं?’ यात एकही मागणी नाही, तरी सगळं सांगून झालं आहे. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. तो नसेल तर आधीची दोन वाक्यं सूचनेसारखी वाटतात. तो असला की समोरच्यालाही आपलं घर उघडून दाखवता येतं.

आधी नोकरी, मग घर, मग मूल

या तीन विषयांना एक क्रम आहे, कारण ते एकमेकांवर उभे आहेत. शहर ठरल्याशिवाय घरात कोण राहणार हे ठरत नाही, आणि घरात कोण आहे हे ठरल्याशिवाय मूल झाल्यावर त्याला कोण सांभाळणार हे ठरत नाही. शिवाय नोकरीचा विषय सगळ्यात कमी नाजूक असतो. त्यात बदली, पगार, कामाचे तास अशा सांगण्यासारख्या गोष्टी असतात. म्हणून सुरुवात तिथून करावी.

घरच्यांसमोर होणाऱ्या चहा-पोह्यांच्या भेटीत फक्त नोकरी आणि शहर एवढंच बोलावं. घराचा विषय दोघांनी स्वतंत्र भेटल्यावर काढावा, कारण आईसमोर मुलगा ‘आई आमच्याकडे राहील का’ याचं मोकळं उत्तर देऊच शकत नाही. मुलाचा विषय त्यानंतरच्या बोलण्यात घ्यावा. मात्र एक अपवाद आहे. मूल नकोच असेल, किंवा प्रकृतीच्या कारणाने ते होणं कठीण आहे हे आधीच माहीत असेल, तर ते दुसऱ्या भेटीतच सांगावं, दोन्ही घरं मनाने गुंतण्याआधी.

आता उदाहरण म्हणून एक जोडी घेऊ. नावांची गरज नाही, अशी घरं प्रत्येक मंडळात आहेत. मुलगी इंदूरची, अठ्ठावीस वर्षांची, तिथल्याच एका खासगी कंपनीत हिशेब विभागात. एकुलती एक. मुलगा तीस वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, दोन शयनगृहांच्या भाड्याच्या घरात राहतो. आईवडील वडोदऱ्याला, वडील दोन वर्षांनी निवृत्त होणार. मोठा भाऊ हैदराबादला. पत्रिका जमली, घरं पसंत पडली. आता दोघांनी बोलायचं आहे.

नोकरी: कधी, किती काळ, आणि कुणाची

पहिल्या भेटीत मुलगी म्हणाली, “माझी इथली नोकरी पाच वर्षांची आहे. पुण्याला यायला माझी ना नाही, पण तिथे नोकरी मिळाल्यावर इथली सोडायची असं मी ठरवलंय. इथे नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुम्हाला हे कसं वाटतं?”

या छोट्या वाक्यातल्या ‘नव्वद दिवस’ या आकड्याने फार काम केलं. ‘लग्नानंतर मी लगेच नोकरी सोडणार नाही’ असं ती म्हणाली असती तर ते हट्टासारखं वाटलं असतं. नोटिशीची मुदत ही कुणाच्याच हट्टाची गोष्ट नाही. त्यावरून दोघांना सरळ दिसलं की साखरपुडा ते लग्न यात पाच-सहा महिने ठेवले तर तिला पुण्यात नोकरी शोधायला वेळ मिळतो. नाही ठेवले तर लग्नानंतर दोन-तीन महिने दोघं वेगवेगळ्या शहरांत राहतील. दोन्ही चालण्यासारखं आहे, पण आधी माहीत असायला हवं.

मग त्याची पाळी. त्यानेही तीच पद्धत धरली. “आमच्या कंपनीचं हैदराबादलाही काम आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत मला तिकडे जायला सांगू शकतात. नाही म्हणता येतं, पण मग बढती लांबते. तेव्हा तुमची नोकरी नुकतीच बसलेली असेल. अशा वेळी काय करावं असं तुम्हाला वाटतं?”

इथे एक सापळा असतो. असा प्रश्न आला की ‘बघू तेव्हा’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळून दोघांनी एक साधा नियम ठरवावा. यांनी ठरवला तो असा: ज्याची बदली येईल त्याने होकार देण्याआधी घरी सांगायचं, आणि दुसऱ्याला त्या शहरात नोकरी शोधायला सहा महिने द्यायचे. तोवर एकाने पुढे जायचं, दुसऱ्याने मागून यायचं. हा नियम मुलाच्या बदलीलाही लागू आणि मुलीच्या बदलीलाही. त्यामुळे बोलणं ‘तुझी नोकरी की माझी’ या वळणावर गेलंच नाही.

परदेशाचा विषय असेल तर एक गोष्ट आवर्जून विचारावी. सोबत जाणाऱ्या जोडीदाराला त्या व्हिसावर काम करता येतं की नाही? देशादेशाचे आणि व्हिसाच्या प्रकारांचे नियम वेगवेगळे असतात. दोन वर्षं परदेशात राहणं आणि दोन वर्षं परदेशात नोकरीशिवाय घरात बसणं यात मोठं अंतर आहे. ‘परदेशी जायला आवडेल का?’ या प्रश्नात ते अंतर दिसत नाही.

घर: माणसं मोजा, दिवस मोजा

दुसरी भेट एका उपाहारगृहात झाली. मुलीच्या मनात दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही अवघड. एक, सुरुवातीचं वर्ष दोघांनीच राहावं असं तिला वाटत होतं. दुसरी त्याहून अवघड. ती एकुलती एक. तिच्या आईवडिलांनी वर्षातले काही दिवस तिच्याकडे येऊन राहावं, आणि पुढे थकल्यावर त्यांची जबाबदारी आपल्याकडे असावी, हे तिने स्वतःशी ठरवलेलं होतं. अनेक मुली हे बोलतच नाहीत, कारण ‘मुलीकडे राहणं’ या शब्दांभोवती अजून संकोच आहे.

तिने ‘मला वेगळं राहायचंय’ असं म्हटलं नाही. ती म्हणाली, “तुमचे आईबाबा निवृत्तीनंतर पुण्याला येणार असतील तर मला ते आवडेल. तोवरची दोन वर्षं आपल्याला नवीन नोकरी, नवीन घर बसवायला मिळतील असं मी धरून चालले आहे. त्यांचा विचार काय आहे?” आता हे वेगळं राहणंच आहे, पण ते वडोदऱ्याच्या नोकरीमुळे तसंही होणारच होतं. जे परिस्थितीने आपोआप घडणार आहे ते मागून घेण्याची गरज नसते. पुष्कळदा आपण मागतो ती गोष्ट वाटेत पडलेलीच असते. आधी चौकशी केली तर मागायची वेळच येत नाही.

मग तो म्हणाला, “बाबांना तर आत्ताच पुण्याला यायचंय. पण आई म्हणते, वडोदरा सोडून मी जाणार नाही, इथे माझी माणसं आहेत.” ही माहिती त्याच्या माहितीपत्रकात कुठेच नव्हती. आईवडील मुलाकडे येणार की नाही, हे मुलगा-मुलगी गृहीत धरतात, पण आईवडिलांना कुणी विचारलेलंच नसतं. चाळीस वर्षं एका गावात काढलेली माणसं सहजी उठत नाहीत. पुण्याच्या सातव्या मजल्यावर दिवसभर बोलायला कुणी नाही, हे त्यांना आपल्याआधी कळतं. म्हणून मुलाने पुढच्या भेटीआधी घरी बोलून खरं काय ते विचारायचं ठरवलं.

दुसरी गोष्ट तिने अशी मांडली. “मी एकुलती एक आहे. आईबाबा वर्षातून महिना-दीड महिना आमच्याकडे येतील, बहुतेक दिवाळीनंतर. तुमचे आईबाबा येतील तेव्हा मी जितकी आनंदाने करेन तितकंच त्यांचंही व्हावं असं मला वाटतं. पुढे कुणाला आजारपण आलं तर ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे आधी बघू. यात तुम्हाला काही अवघड वाटतंय का?”

शेवटच्या प्रश्नाची ठेवण पाहा. ‘चालेल ना?’ असं विचारलं तर समोरच्याला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तो ‘हो’ काही कामाचा नसतो. ‘काही अवघड वाटतंय का?’ म्हटलं की अडचण सांगायला जागा राहते. त्यानेही सांगितली. दोन शयनगृहांच्या घरात दोन्हीकडचे आईवडील एकाच वेळी आले तर झोपायचं कुठे? हा खरा, सोडवता येण्यासारखा प्रश्न आहे. निवृत्तीनंतर त्याचे आईवडील आलेच तर त्याच सोसायटीत दुसरं छोटं घर भाड्याने घेता येईल का, ते बघायचं ठरलं. रात्रीचं जेवण एकत्र, झोपायला आपापल्या घरी. खर्च वाढतो, म्हणून भाडं कोण किती देणार हेही तिथेच बोललं गेलं.

एका घरात राहायचं असेल तर आणखी चार-पाच साध्या गोष्टी विचाराव्या. सकाळी स्वयंपाकघर किती वाजता सुरू होतं आणि कुणाच्या हातात असतं? घरी कामाला मावशी आहेत का, नसतील तर ठेवायला कुणाची हरकत आहे का? मांसाहार चालतो का, उपासतापास किती? घरखर्चाचे पैसे कोण कुणाला देतं? हे प्रश्न लहान वाटतात, पण घरातली कुरबुर यांच्याच अवतीभवती होते. ‘तुमच्या घरचे मोकळ्या विचारांचे आहेत का?’ असं विचारण्यापेक्षा ‘रविवारी तुमच्याकडे सकाळ कशी असते?’ असं विचारलं तर जास्त कळतं.

मूल: तारीख नको, आधार कोणता ते बोला

तिसरं बोलणं फोनवर, रात्री जेवणं झाल्यावर. तोवर दोघं ‘तू’वर आली होती. मुलाच्या विषयाची सुरुवात अनेकदा ‘दोन वर्षं तरी नको’ या वाक्याने होते. ते वाक्य अर्धवट आहे, कारण दोन वर्षांनी काय बदललेलं असेल ते त्यात नाही.

ती म्हणाली, “मला मूल हवं आहे. पण पुण्याची नोकरी लागल्या लागल्या नको, कारण नवीन ठिकाणी रजेचा प्रश्न येईल. तुझा विचार काय आहे?” तिच्या म्हणण्याला आधार होता. आपल्याकडे प्रसूती लाभाच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या बदलानंतर पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. म्हणजे नोकरी बदलणं, शहर बदलणं आणि मूल या तिन्ही गोष्टी एकाच सुमारास आल्या तर रजेचा हक्क हुकू शकतो. ‘मला आत्ता नको’ यापेक्षा हे कारण समोर ठेवलं की दोघं मिळून कॅलेंडर बघतात. वडिलांसाठी मात्र खासगी नोकरीत अशी रजा कायद्याने बंधनकारक नाही. केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवसांची मिळते. म्हणून मुलानेही आपल्या कंपनीत किती रजा आहे ते विचारून ठेवावं. त्याने ते स्वतःहून सांगितलं, तर मूल ही एकटीची जबाबदारी आहे असं तिला वाटत नाही.

पुढे ढकलण्यालाही मर्यादा आहे. वय वाढतं तशी गर्भधारणेची शक्यता कमी होत जाते, आणि पस्तिशीनंतर ती जास्त वेगाने कमी होते. स्त्रीचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर, आणि पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच, दोघांनीही तपासणी करून घ्यावी, असं डॉक्टर सांगतात. ‘दोघांनीही’ हा शब्द लग्नाआधीच बोललेला बरा. “काही अडचण आली तर आपण दोघंही तपासून घेऊ, आणि ते आधी आपल्या दोघांतच ठेवू, चालेल?” या एका प्रश्नाचं उत्तर पुष्कळ काही सांगून जातं. जो मुलगा इथे अडखळतो, त्याच्याशी थोडं सावकाश, आणखी बोलावं.

मग उरतो सांभाळण्याचा प्रश्न. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. सातव्या महिन्यापासून बाळ कुणाकडे? बहुतेक घरांत उत्तर तयार असतं, ‘आजी बघेल’. कुठली आजी? वडोदऱ्याची आजी तिकडून निघायला तयार नाही, इंदूरची आजी वर्षातून दीड महिना येणार. या जोडीने हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की दोन्ही आज्या मिळूनही वर्ष भरत नाही. मग पाळणाघर, अर्धवेळ बाई, घरून काम, यांचा विचार सुरू झाला. ज्या आस्थापनेत ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय असावी असं कायदा सांगतो. नोकरी शोधताना ती प्रत्यक्षात आहे का हे विचारायचं तिने ठरवलं. आज्यांना गृहीत धरण्याऐवजी ‘तुम्हाला झेपेल का’ असं विचारायचं, हेही ठरलं. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला रांगतं मूल दिवसभर सांभाळणं सोपं नसतं, आणि नातवंडासाठी ती ‘नाही’ म्हणत नाही.

निरोप्याच्या हाती देऊ नका

या सगळ्या बोलण्यावर पाणी पडतं ते मधल्या माणसांमुळे. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण निरोप लहान होत जातो. मुलगी म्हणते, “पहिली दोन वर्षं ते दोघं वडोदऱ्यालाच आहेत, तोवर आम्ही दोघं पुण्यात.” मावशी मुलाच्या आत्याला सांगते, “सुरुवातीला दोघंच राहतील म्हणते.” आत्या भावाला सांगते, “मुलीला वेगळं राहायचंय.” आणि मुलाच्या आईपर्यंत पोहोचतं ते, “त्यांची अट आहे.” चार तोंडं, आणि वाक्यातली परिस्थिती, तयारी, प्रश्न सगळं गळून पडलेलं.

म्हणून मध्यस्थांनी पत्रिका, फोटो, भेटीची वेळ एवढंच पोहोचवावं. हे तीन विषय मुलगा-मुलगीनेच बोलावे, आणि दोघांचं जमल्यावर प्रत्येकाने आपापल्या आईवडिलांना स्वतः सांगावं. सांगतानाही ‘ती म्हणते’ असं नको, ‘आम्ही असं ठरवलंय’ असं सांगावं. मुलाने आईला “तिला नोकरी सोडायची नाही” असं सांगितलं तर नवी सून येण्याआधीच अपराधी ठरते. “आम्ही दोघं नोकरी करणार आहोत, म्हणून स्वयंपाकाला बाई ठेवतोय” असं सांगितलं तर निर्णय दोघांचा होतो. काही घरांत आधी मोठ्यांनीच बोलायची रीत असते. तिथे वडिलांना किंवा मामांना एवढंच सांगावं: “बाकी सगळं तुम्ही बोला, या तीन गोष्टी आम्हाला बोलू द्या.”

जिथे मागे सरायचं नाही

नरमाईने बोलणं म्हणजे सगळं सोडून देणं नव्हे. प्रत्येकाच्या एक-दोन गोष्टी अशा असतात की त्या नसतील तर हे लग्न नको. त्या दोनच असाव्या, दहा नव्हे, आणि त्या प्रश्नाच्या सुरात गुंडाळू नयेत. “आईबाबांची जबाबदारी माझी आहे, ती मी सोडू शकणार नाही. तुम्हाला ते जमणारं नसेल तर मला वाईट वाटणार नाही, आपण इथेच थांबू.” हे ठाम आहे, पण मागणी नाही. यात दुसऱ्याला बदलायला सांगितलेलं नाही. आपली मर्यादा दाखवून त्याला मोकळं ठेवलं आहे. सौम्य शब्दांत लपवलेली खरी अट पुढे जास्त दुखावते, कारण तेव्हा ‘तू तर तेव्हा असं म्हणाली नव्हतीस’ हे ऐकावं लागतं.

समोरून येणारी उत्तरंही नीट ऐकावी. ‘आमच्या काहीच अपेक्षा नाहीत’ आणि ‘मुलीसारखंच वागवू’ ही दोन वाक्यं प्रेमाने बोललेली असली तरी ती उत्तरं नाहीत. त्यावर हळूच एक छोटा प्रश्न विचारावा: “तुमची मुलगी संध्याकाळी आठला घरी येते तेव्हा स्वयंपाक कोण करतं?” उत्तर सहज आलं तर वाक्य खरं आहे. विषय बदलला, किंवा ‘ते होईल सगळं नीट’ असं आलं, तर बोलणं अजून बाकी आहे. आणि बोलणं पैशांकडे किंवा देण्याघेण्याकडे वळलं, तर तो अपेक्षांचा विषयच राहत नाही. हुंडा मागणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तिथे सूर सांभाळण्याचं कारण नाही.

आपल्या जोडीचं तिसरं बोलणं संपलं तेव्हा सगळंच ठरलेलं नव्हतं. शहर पुणे, नोकरी मिळेपर्यंत इंदूर, बदलीचा सहा महिन्यांचा नियम, दोन्हीकडच्या आईवडिलांचं येणं-जाणं, एवढं ठरलं. वडोदऱ्याची आई कुठे राहणार हे वडील निवृत्त होईपर्यंत कळणार नव्हतं. तो प्रश्न उघडा ठेवून दोन वर्षांनी पुन्हा बोलायचं ठरलं. मुलीने हे सगळं सहा-सात ओळींत लिहून त्याला पाठवलं, “मला असं समजलंय, काही राहिलं असेल तर सांग” एवढंच खाली जोडून. तासाभराने उत्तर आलं. त्यात त्याने एक ओळ वाढवली होती: बाळ झाल्यावर सातव्या महिन्यापासून पहिले दोन महिने घरून काम करता येईल का, ते मी ऑफिसात विचारतो.